एक्सेलच्या चार्टमध्ये रो-कॉलम उलटे आले तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या बहुतेक उत्तरांमध्ये मी एकच छोटा तक्ता वापरला आहे. पाच पंप आहेत आणि तीन महिन्यांत प्रत्येकाने किती युनिट वीज खाल्ली, एवढीच माहिती त्यात आहे. तक्ता शीटवर A1 पासून D6 पर्यंत आहे आणि A1 हा सेल रिकामा आहे. तो रिकामा का ठेवला, ते पुढे येईलच.

| | जानेवारी | फेब्रुवारी | मार्च |
|---|---|---|---|
| पंप १ | ४२० | ४१० | ४५५ |
| पंप २ | ३८० | ३९५ | ३९० |
| पंप ३ | ५१० | ५०० | ६४० |
| पंप ४ | २९५ | ३०० | ३१० |
| पंप ५ | ४५० | ४४० | ४३० |

आकडे वाचले तर गोष्ट लगेच कळते: पंप ३ मार्चमध्ये अचानक जास्त वीज खाऊ लागला. चार्टने हीच गोष्ट नजरेत आणून द्यायला हवी.

चार्ट उलटा आला म्हणजे नेमकं काय झालं?

वरचा तक्ता निवडून लाइन चार्ट टाकला, तर एक्सेल खालच्या अक्षावर पंप १ ते पंप ५ मांडतो आणि तीन रेषा काढतो: जानेवारीची एक, फेब्रुवारीची एक, मार्चची एक. तिन्ही रेषा जवळपास एकमेकींवर चढलेल्या दिसतात. पंप ३ च्या जागी तिन्हींना उंचवटा, पंप ४ च्या जागी तिन्हींना खड्डा. मार्चचा उंचवटा जरा जास्त आहे, पण ते शोधावं लागतं.

यात खरी चूक अशी की रेषा पंप १ वरून पंप २ वर जाते. रेषा काढली की वाचणारा तिला प्रवास समजतो: इथून तिथे गेलं, वाढलं, कमी झालं. पंप १ आणि पंप २ यांच्या मध्ये तसं काहीच नसतं. तुम्ही पंपांची यादी वेगळ्या क्रमाने लिहिली असती तर रेषेचा आकार पूर्ण बदलला असता. यादीचा क्रम बदलल्याने जर चित्राचा अर्थ बदलत असेल, तर त्या गोष्टी रेषेने जोडायच्या नसतात.

एक्सेलच्या भाषेत सांगायचं तर खालच्या अक्षावर जे ओळीने मांडलं जातं त्या कॅटेगरी, आणि ज्याला स्वतःचा रंग आणि लेजंडमध्ये स्वतःचं नाव मिळतं ती सिरीज. आपल्याला महिने कॅटेगरी म्हणून हवे होते आणि पंप सिरीज म्हणून. झालं नेमकं उलटं.

मग दुरुस्ती कशी करायची?

चार्टवर एकदा क्लिक करा. वर रिबनमध्ये `Chart Design` हा टॅब येतो. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव नुसतं `Design` असतं. त्यात `Switch Row/Column` हे बटण आहे. ते एकदा दाबलं की झालं. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखं.

आपल्या तक्त्यावर हे बटण दाबलं की खाली जानेवारी, फेब्रुवारी, मार्च येतात आणि पाच पंपांच्या पाच रेषा दिसतात. चार जवळपास सपाट. एक, पंप ३ ची, मार्चकडे जाताना ताडकन वर. हे दाखवायला आता बोट ठेवावं लागत नाही.

तुम्ही `Select Data` ची खिडकी उघडली असेल तर तिथेही मधोमध हेच बटण आहे. त्या खिडकीचा फायदा असा की डावीकडे सिरीजची यादी आणि उजवीकडे अक्षावरच्या नावांची यादी एकाच वेळी दिसते. बटण दाबल्यावर दोन्ही याद्यांची अदलाबदल डोळ्यांसमोर होते. ज्यांना सिरीज कोण आणि कॅटेगरी कोण यात नेहमी गोंधळ होतो, त्यांनी पहिल्यांदा तरी याच खिडकीतून करावं. एकदा पाहिलं की गोंधळ जातो.

एक्सेल मुळात उलटा चार्ट काढतोच का?

कारण तुमच्या आकड्यांचा अर्थ त्याला कळत नाही, तो फक्त मोजतो. निवडलेल्या भागात रो जास्त आहेत की कॉलम, हे तो पाहतो, आणि जे संख्येने जास्त ते खालच्या अक्षावर टाकतो. उरलेलं सिरीज होतं. कल्पना अशी की लांब यादी अक्षावर सुटसुटीत बसते आणि रंगांची संख्या कमी राहते. बऱ्याचदा हा अंदाज बरोबरच ठरतो. आपल्या तक्त्यात मात्र पंप पाच आणि महिने तीन, म्हणून पंप अक्षावर गेले.

आता हाच तक्ता डिसेंबरपर्यंत भरला आहे असं समजा. कॉलम बारा, रो पाच. आता नवा चार्ट काढला तर एक्सेल आपणहून महिने अक्षावर टाकेल आणि तुम्हाला बटण दाबावं लागणार नाही. म्हणूनच "मागच्या वेळी बरोबर आला होता, यंदा का बिघडला" हा प्रश्न इतक्या वेळा येतो. कुणाचंही काही चुकलेलं नसतं, तक्त्याचा आकार बदललेला असतो.

बेरजेच्या रो आणि कॉलममुळेही हेच होतं. तीन महिन्यांच्या पुढे एकूण, सरासरी आणि मागच्या वर्षाचा आकडा असे तीन कॉलम जोडले की कॉलम सहा होतात, पंप पाचच राहतात, आणि पारडं फिरतं. शिवाय एकूण बेरीज चार्टमध्ये आली की तिच्या उंचीपुढे बाकी सगळं बुटकं दिसतं. चार्टसाठी निवड करताना बेरजा बाहेर ठेवा.

आधी काढलेला चार्ट, तक्ता वाढल्यावर आपोआप फिरेल का?

नाही. दिशा चार्ट काढतानाच ठरते आणि चार्टमध्ये कायम राहते. तुम्ही चार्टवर क्लिक केल्यावर तक्त्याभोवती जी रंगीत चौकट दिसते, तिचा कोपरा ओढून एप्रिलचा कॉलम आत घेतला, तरी दिशा तीच राहील.

मात्र `Select Data` मध्ये जाऊन `Chart data range` मधला पत्ता पूर्ण खोडून नव्याने दिला असेल, तर एकदा चार्टकडे नजर टाका आणि अक्षावर हवं तेच आहे ना हे पाहा.

कोणती दिशा बरोबर हे कसं ठरवायचं?

लाइन चार्ट असेल तर विचार करायला फारसं काही नाही. काळ अक्षावर. दिवस, महिने, वर्षं, तास, किंवा ज्याला खरोखरचा क्रम आहे असं काही, जसं की तापमानाचे टप्पे. ज्यांची नावं मागेपुढे केली तरी बिघडत नाही, ते सिरीज.

कॉलम चार्टमध्ये मात्र दोन्ही दिशा बरोबर असू शकतात आणि इथे थोडं थांबून विचार करावा. या चार्टमध्ये एका कॅटेगरीचे खांब एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि पुढच्या कॅटेगरीच्या आधी मोकळी जागा सुटते. चिकटून उभ्या असलेल्या खांबांची तुलना डोळा सहज करतो. मोकळ्या जागेच्या पलीकडच्या खांबाशी तुलना करायला कष्ट पडतात. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा: मला कोणते खांब शेजारी उभे करायचे आहेत?

महिने अक्षावर ठेवले तर मार्चच्या गटात पाचही पंप शेजारी येतात आणि "मार्चमध्ये सगळ्यात जास्त वीज कुणी खाल्ली" याचं उत्तर मिळतं. पंप अक्षावर ठेवले तर पंप ३ च्या गटात ५१०, ५००, ६४० असे तीन खांब शेजारी येतात आणि "हा पंप आधीपेक्षा किती वाढला" हे दिसतं. म्हणजे लाइन चार्टमध्ये जी मांडणी निरर्थक होती, ती कॉलम चार्टमध्ये कामाची ठरू शकते. मी स्वतः अशा वेळी बटण दोनदा दाबून दोन्ही चित्रं पाहते आणि मग ठरवते. दोन सेकंदांचं काम आहे, आणि कित्येकदा दुसरं चित्र जास्त बोलकं निघतं.

स्टॅक्ड कॉलममध्ये दिशा बदलली तर फक्त दिसणं बदलतं की अर्थही?

अर्थ बदलतो, आणि हे फार जपायला हवं. साध्या कॉलम चार्टमध्ये दिशा कोणतीही असो, प्रत्येक खांबाची उंची तीच राहते, फक्त तो कुणाच्या शेजारी उभा आहे ते बदलतं. स्टॅक्डमध्ये तुकडे एकावर एक रचले जातात, म्हणून खांबाची एकूण उंची कशाची बेरीज आहे हेच बदलतं.

आपल्या तक्त्यात महिने अक्षावर असतील तर खांब तीन: २०५५, २०४५ आणि २२२५. ही प्रत्येक महिन्याची सगळ्या पंपांची मिळून वीज. पंप अक्षावर असतील तर खांब पाच: १२८५, ११६५, १६५०, ९०५ आणि १३२०. ही प्रत्येक पंपाची तीन महिन्यांची वीज. दोन्हीकडची बेरीज ६३२५ च, पण दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं.

१०० टक्के स्टॅक्ड चार्टमध्ये तर जास्तच काळजी घ्यावी, कारण तिथे सगळे खांब सारख्याच उंचीचे असतात आणि चूक दिसून येत नाही. मार्चमधला पंप ३ चा तुकडा महिने अक्षावर असताना २२२५ पैकी ६४०, म्हणजे सुमारे २८.८ टक्के असतो. पंप अक्षावर असताना तोच तुकडा १६५० पैकी ६४०, म्हणजे सुमारे ३८.८ टक्के होतो. पहिला आकडा सांगतो की मार्चच्या एकूण विजेत या पंपाचा वाटा किती. दुसरा सांगतो की या पंपाच्या तीन महिन्यांतल्या विजेत मार्चचा वाटा किती. अहवालात वाक्य एकाचं आणि चित्र दुसऱ्याचं लागलं, तर चित्राकडे पाहून ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. असा चार्ट फिरवलात तर त्याखालचं वाक्यही पुन्हा वाचा.

बटण दाबलं तरी चार्ट सुधारत नाही. अक्षावर १, २, ३, ४ असे आकडे येतात आणि "वर्ष" नावाचीच एक रेषा दिसते.

हा दिशेचा घोळ नाही, म्हणून बटण कितीही दाबलं तरी सुटणार नाही. इथे एक्सेलने तुमच्या वर्षांना मोजायचे आकडे समजलं आहे.

समजा A1 मध्ये "वर्ष" आणि B1 मध्ये "वापर" असं लिहिलं आहे, A2 ते A6 मध्ये २०१९ ते २०२३ आणि शेजारी प्रत्येक वर्षाचा वापर आहे. माणसाला कळतं की पहिला कॉलम नावांचा आहे. एक्सेलला दोन्ही कॉलममध्ये आकडेच दिसतात, म्हणून तो दोन सिरीज काढतो. "वर्ष" ची रेषा २००० च्या थोडी वर जवळपास आडवी जाते, आणि खरा वापर काही शेकड्यांत असेल तर तळाशी चिरडला जातो. कॅटेगरी म्हणून नावं सापडली नाहीत, म्हणून अक्षावर नुसते १, २, ३. आता बटण दाबलं तर दोन-दोन बिंदूंच्या पाच रेषा येतात आणि गोंधळ वाढतो.

चार्ट नव्याने काढायचा असेल तर सोपा उपाय: A1 मधला शब्द पुसा, मग तक्ता निवडून चार्ट टाका. डावीकडचा वरचा कोपरा रिकामा दिसला की एक्सेल पहिला कॉलम आणि पहिली रो नावांसाठी आहेत असं धरतो. चार्ट निघाला की "वर्ष" पुन्हा लिहिलं तरी चालतं. मी तक्त्यात A1 रिकामा ठेवला तो याच सवयीने.

चार्ट आधीच काढला असेल आणि त्यावर मेहनत घेतली असेल, तर `Select Data` उघडा. डावीकडच्या यादीत "वर्ष" निवडून `Remove` दाबा. मग उजवीकडच्या यादीवरचं `Edit` दाबा आणि A2 ते A6 हे सेल निवडा. वर्षं अक्षावर येतील.

एक अडचण लक्षात ठेवा. तुम्ही `Ctrl+T` वापरून त्या भागाचं एक्सेल टेबल केलं असेल, तर शीर्षकाचा सेल रिकामा ठेवता येत नाही. पुसला की एक्सेल तिथे स्वतःहून `Column1` सारखं नाव घालतो. अशा वेळी दुसरा उपाय वापरावा.

वर्षं कॉलमच्या शीर्षकांत असतील तरी हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं: लेजंडमध्ये `Series1`, `Series2` अशी नावं आणि एखादा खांब २००० च्या घरात. उपाय तोच. खूण एकच लक्षात ठेवली तरी पुरे: चार्टमध्ये २००० च्या आसपासचा आकडा विनाकारण दिसला, तर वर्ष मोजलं गेलं आहे.

बटण करड्या रंगाचं आहे, दाबताच येत नाही. का?

दोन कारणं नेहमी सापडतात.

पहिलं, चार्ट पॉवरपॉइंट किंवा वर्डमध्ये आहे आणि त्याची आकड्यांची शीट उघडलेली नाही. `Chart Design` मध्ये `Edit Data` दाबा, छोटी शीट उघडू द्या, आणि ती उघडी असतानाच `Switch Row/Column` दाबा. चार्ट एखाद्या एक्सेल फाइलला जोडलेला असेल आणि ती फाइल हलवली किंवा पुसली गेली असेल, तर शीट उघडणारच नाही आणि बटणही जागं होणार नाही. मग मूळ फाइल शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरं कारण, चार्टच्या सिरीज एका सरळ आयताकृती भागातून येत नाहीत. कुणीतरी एक सिरीज दुसऱ्या शीटवरून जोडली, किंवा एका सिरीजला पाच आकडे आणि दुसरीला चारच दिले, तर रो आणि कॉलम अदलाबदल करायला चौकटच उरत नाही. `Select Data` उघडलं की अशा वेळी वर एक्सेल सांगतो की डेटा रेंज दाखवता येण्यापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. त्याच सूचनेत पुढे असंही असतं की नवी रेंज निवडली तर आधीच्या सगळ्या सिरीजची जागा ती घेईल. ते खरंच तसंच होतं, म्हणून आधी चार्टची एक प्रत बाजूला करून ठेवा. मग सगळे आकडे एका सलग तक्त्यात आणा आणि `Chart data range` मध्ये तो तक्ता द्या.

फिरवल्यावर माझे रंग आणि लेबलं बिघडली. परत आणता येतील का?

लगेच `Ctrl+Z` केलंत तर हो. नंतर बहुतेक हातानेच पुन्हा करावं लागतं.

कारण असं की रंग, रेषेची जाडी, ट्रेंडलाइन, दुय्यम अक्ष, हे सगळं सिरीजला चिकटलेलं असतं. बटण दाबलं की जुन्या सिरीज राहतच नाहीत. "मार्च" ला तुम्ही लाल रंग दिला होता, पण आता मार्च सिरीज नाही, अक्षावरचं नाव आहे. एक रेषा आणि बाकी खांब असा मिश्र चार्ट असेल तर सगळ्यात जास्त पंचाईत, कारण कोणती सिरीज रेषा आणि कोणती खांब हे ठरवलेलंच निरुपयोगी होतं.

हे मी एकदा चांगलंच अनुभवलं आहे. अर्धा तास खपून रंग लावले, नावं नीट केली, आणि पाठवायच्या आधी कुणीतरी म्हणालं, महिने खाली घ्या. बटण दाबलं आणि महत्त्वाच्या सिरीजला दिलेला गडद रंग भलत्याच पंपाच्या वाट्याला आला. घाईत ते तसंच गेलं आणि बैठकीत लोक चुकीच्या पंपाबद्दल बोलत बसले. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी दिशा, मग चार्टचा प्रकार, मग रंग. फिरवल्यानंतर लेजंडमधलं प्रत्येक नाव त्याच्या रंगाशी एकदा ताडून पाहायचं.

दिशा नेमकी कोणती आहे हे खात्रीने कळायला काही जागा आहे का?

आहे, आणि ती माझी सगळ्यात आवडती जागा आहे. चार्टमधल्या एका रेषेवर किंवा खांबावर क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये पाहा. उलट्या चार्टमध्ये पहिल्या रेषेवर क्लिक केलं तर असं दिसेल:

```
=SERIES(Sheet1!$B$1,Sheet1!$A$2:$A$6,Sheet1!$B$2:$B$6,1)
```

यात चार गोष्टी आहेत. पहिली, सिरीजचं नाव कुठून घेतलं: B1, म्हणजे जानेवारी. दुसरी, अक्षावरची नावं: A2 ते A6, म्हणजे पंप. तिसरी, आकडे: B कॉलममधले. चौथी, ही सिरीज कितवी. पत्ता उभा, खाली उतरणारा आहे, म्हणजे सिरीज कॉलममधून आली आहे. बटण दाबल्यावर पहिली रेषा अशी होते:

```
=SERIES(Sheet1!$A$2,Sheet1!$B$1:$D$1,Sheet1!$B$2:$D$2,1)
```

आता नाव A2 मधलं, पंप १. अक्षावर B1 ते D1, म्हणजे महिने. आकडे आडव्या रोमधले. नावाच्या जागी रिकामं असेल, म्हणजे कंसानंतर लगेच स्वल्पविराम, तर शीर्षक ओळखलं गेलं नाही हेही इथेच कळतं. दुसऱ्या जागी रिकामं असेल तर अक्षावर १, २, ३ का येतात त्याचंही उत्तर मिळालं.

पाय चार्टमध्ये एकच महिना का दिसतो?

पाय चार्ट एकच सिरीज दाखवतो, पहिली. पूर्ण तक्ता निवडून पाय काढलात तर जानेवारीचे पाच तुकडे दिसतील. फेब्रुवारी आणि मार्च चार्टमध्ये असूनही दिसणार नाहीत. बटण दाबलं तर पंप १ चे तीन तुकडे दिसतील. पायमध्ये लेजंडवर सिरीजची नव्हे तर कॅटेगरीची नावं येतात, त्यामुळे लेजंड पाहून दिशा ओळखायची सवय इथे फसवते. हवा तेवढाच कॉलम किंवा रो निवडून पाय काढणं बरं.

स्कॅटर चार्टमध्ये एक्स आणि वाय उलटे आले. हेच बटण चालेल का?

नाही. स्कॅटरमध्ये आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना आकडेच असतात आणि बटण दाबलं की जोड्याच तुटतात. दोन लांब कॉलमचे ठिपके असतील तर कित्येक दोन-दोन ठिपक्यांच्या सिरीज होतात. `Select Data` मध्ये सिरीज निवडून `Edit` दाबा आणि `Series X values` व `Series Y values` या दोन चौकटींतले पत्ते एकमेकांच्या जागी टाका.

आडव्या बार चार्टमध्ये पंप ५ वर आणि पंप १ खाली आहे. हे फिरवायचं कसं?

हा क्रमाचा प्रश्न आहे, सिरीज-कॅटेगरीचा नाही. आडव्या बारमध्ये पहिली कॅटेगरी तळाशी येते. उभ्या अक्षावर राइट क्लिक करून `Format Axis` उघडा आणि `Categories in reverse order` ला खूण करा.

पिव्होट चार्ट असेल तर?

पिव्होट चार्ट आपल्या पिव्होट टेबलच्या मांडणीवर चालतो, म्हणून मांडणीच बदलावी. `PivotChart Fields` मध्ये अक्षाच्या चौकटीतलं फील्ड लेजंडच्या चौकटीत ओढा आणि लेजंडमधलं अक्षात. त्याचबरोबर मूळ पिव्होट टेबलही फिरेल. ते टेबल कुणी छापून वापरत असेल तर आधी पिव्होटची दुसरी प्रत करून घ्या.

तक्ताच ट्रान्सपोज करून टाकला तर?

चार्टसाठी त्याची गरज नाही. रोचं कॉलम करून चिकटवलेला तक्ता ही मूळ आकड्यांची सुटी प्रत असते. मूळ बदललं तरी ती बदलत नाही आणि चार्ट जुनेच आकडे दाखवत राहतो. बटण फक्त चार्ट फिरवतं, शीटला हात लावत नाही.

फिरवताना एक्सेल म्हणतो, २५५ पेक्षा जास्त सिरीज चालणार नाहीत.

एका चार्टमध्ये २५५ सिरीजची मर्यादा आहे. वर्षभराच्या रोजच्या नोंदी असलेला तक्ता, म्हणजे ३६५ रो, असेल आणि तुम्ही तो फिरवायला गेलात तर प्रत्येक दिवस सिरीज व्हायला बघतो आणि अडतो. खरं तर ही सूचना उपकारच करते: दिवस अक्षावरच असायला हवे होते. ते आधीच तिथे असूनही चित्र चुकीचं वाटत असेल, तर बहुधा वर सांगितलेला शीर्षकाचा किंवा वर्षाचा घोळ आहे.

दर महिन्याला वीस चार्ट फिरवावे लागतात. मॅक्रोने होईल?

होईल. `PlotBy` हा गुणधर्म हेच काम करतो. उघड्या शीटवरच्या सगळ्या चार्टची सिरीज रोमधून घ्यायची असेल तर:

```
Sub MahineAkshavar()
    Dim co As ChartObject
    For Each co In ActiveSheet.ChartObjects
        co.Chart.PlotBy = xlRows
    Next co
End Sub
```

कॉलममधून घ्यायची असेल तर `xlColumns`. बटणापेक्षा याचा एक फायदा आहे: बटण असेल त्याच्या उलट करतं, तर हे नेमकी दिशा सांगतं. त्यामुळे मॅक्रो चुकून दोनदा चालला तरी चार्ट परत उलटे होत नाहीत. मॅक्रोने केलेला बदल `Ctrl+Z` ने मागे घेता येत नाही, म्हणून चालवण्याआधी फाइल सेव्ह करा. पिव्होट चार्ट आणि विस्कळीत सिरीजचे चार्ट त्या शीटवर ठेवू नका, नाहीतर मॅक्रो त्यांच्यापाशी अडकेल.